तिसऱ्या मेजाचे उत्तर जुळले, तेच चुकीचे होते

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात दहावीच्या वर्गाचा हा प्रयोग. तीन मेजे, तीन गट. प्रत्येक गटाकडे एक पट्टी चुंबक, एक कॉइल, एक छोटी चुंबकसूची, दोन मोठे सेल आणि एक चावी. पहिल्या दिवशी पट्टी चुंबकाभोवतीच्या क्षेत्ररेषा कागदावर काढायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी कॉइलमधून धारा सोडून तिचे उत्तर टोक कोणते ते आधी उजव्या हाताच्या मुठीने ठरवायचे आणि मग सूचीने पडताळायचे होते. कॉइलच्या डाव्या टोकाला ‘अ’ आणि उजव्या टोकाला ‘ब’ अशी चिकटपट्टी लावलेली होती. तिन्ही मेजांवर सेलचे धन टोक ‘अ’ बाजूच्या तारेला जोडायला सांगितले होते.

तासाच्या शेवटी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या गेल्या. पहिले मेज: मुठीने ‘अ’, सूचीने ‘अ’. दुसरे मेज: मुठीने ‘ब’, सूचीने ‘अ’. तिसरे मेज: मुठीने ‘ब’, सूचीने ‘ब’. साहजिकच सगळ्यांच्या नजरा दुसऱ्या मेजाकडे वळल्या. तिसऱ्या मेजावरून आवाज आला, “सर, आमचं जुळलंय की!” दुसऱ्या मेजावरच्या मुली खोडरबर घेऊन ‘ब’चे ‘अ’ करायच्या बेतात होत्या, कारण पहिल्या मेजाचे उत्तरही ‘अ’च होते.

त्यांनी ते खोडले नाही हे बरे झाले. नियम नीट वापरला होता तो पहिल्या आणि दुसऱ्या मेजाने. तिसऱ्या मेजाच्या दोन्ही नोंदी चुकीच्या होत्या आणि म्हणूनच त्या एकमेकींशी जुळत होत्या. हे कसे उलगडले ते पाहण्याआधी साहित्य कसे होते ते पाहू, कारण निम्मे घोटाळे तिथेच जन्मतात.

कॉइल

पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, बाहेरचा व्यास २६ ते २७ मिलिमीटर. त्यावर २२ गेजची इनॅमलची तांब्याची तार, एकाच थरात, वेढ्याला वेढा चिकटवून १०० वेढे. ही तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. उसाच्या पट्ट्यात पंपाच्या मोटारी जळायला वेळ लागत नाही, त्यामुळे अशी दुकाने तालुक्याच्या गावी असतातच. एका कॉइलला दोन्ही टोके धरून साधारण ९ मीटर तार लागते, म्हणजे तीसेक ग्रॅम. वेढ्यांची एकूण लांबी ८ सेंटिमीटरच्या आसपास भरते.

तारेची टोके पॉलिश पेपरने घासून इनॅमल पूर्ण काढायचे. तार वरून तांब्यासारखी दिसते म्हणून मुले ती तशीच जोडतात, मग सूची हलत नाही आणि दोष सेलवर जातो. घासलेले टोक लालसर, चकचकीत दिसते. न घासलेले किंचित तपकिरी आणि तेलकट. शंका असेल तर मल्टिमीटरने पाहावे. ९ मीटर तारेचा रोध अर्ध्या ओहमच्याही खाली, ०.४ च्या आसपास येतो.

एवढा कमी रोध असल्यामुळे सेल थेट जोडले तर ते मिनिटा-दोन मिनिटांत दमतात. म्हणून २ ओहम, ५ वॉटचा सिमेंटचा रेझिस्टर मालिकेत घालायचा. दोन सेलचे ३ व्होल्ट, २ ओहम, कॉइलचा ०.४ आणि सेलचा स्वतःचा थोडा रोध मिळून धारा एक ॲम्पियरच्या जवळपास बसते. रेझिस्टर २ वॉट उष्णता सोडतो, म्हणून तो तापतो. त्याला हात लावू नये आणि चावी वाचन घेण्यापुरतीच दाबावी. इन्व्हर्टरची किंवा गाडीची १२ व्होल्टची बॅटरी या कॉइलला थेट जोडण्याचा विचारही करू नये. हिशेबाने तिथे तीसएक ॲम्पियर निघतात. इनॅमल करपते आणि हात भाजतो.

एक ॲम्पियरला या कॉइलच्या मध्यभागी किती क्षेत्र मिळते? सूत्र लांब कॉइलचे आहे:

B = μ₀nI

इथे B म्हणजे क्षेत्र, I म्हणजे धारा, μ₀ हा ठरलेला स्थिरांक आणि n म्हणजे दर मीटरला वेढे: १०० भागिले ०.०८, म्हणजे १२५०. गुणाकार केला की १.५७ मिलिटेस्ला येतात. कॉइल फार लांब नसल्यामुळे प्रत्यक्षात मध्यभागी दीड मिलिटेस्ला धरावेत. टोकाशी त्याच्या निम्मे. बेळगाव भागात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे, म्हणजे टोकाशी कॉइल पृथ्वीच्या वीसपट जोरकस. पण टोकापासून दूर जाताच हे बळ झपाट्याने घसरते. अक्षावर ३ सेंटिमीटरवर ते ६० मायक्रोटेस्लाच्या आसपास राहते, ५ सेंटिमीटरवर वीसेक, आणि १० सेंटिमीटरवर जेमतेम साडेचार.

हे आकडे पाठ करायचे नाहीत, पण सूची कुठे ठेवायची ते यावरूनच ठरते. कॉइलचा अक्ष पूर्व-पश्चिम ठेवला की पृथ्वीचे क्षेत्र त्याला काटकोनात येते, आणि सूची किती वळली त्यावरून कॉइलचा जोर थेट दिसतो. ३ सेंटिमीटरवर सूची उत्तरेपासून ५५ अंशांच्या आसपास वळते, ५ वर २८ अंशांच्या, १० वर केवळ सहा अंश. सहा अंशांचे वळण लहान सूचीच्या काट्यात, घर्षणात हरवून जाते. म्हणून सूची टोकापासून चार-पाच सेंटिमीटरवर ठेवणे सर्वांत सोयीचे.

अक्ष दक्षिणोत्तर ठेवला तर वेगळीच फजिती होते. कॉइलचे उत्तर टोक उत्तरेकडे असेल तर तिचे अक्षावरचे क्षेत्र आणि पृथ्वीचे क्षेत्र एकाच दिशेने असतात. चावी दाबली तरी सूची जागची हलत नाही, आणि पोरे म्हणतात, “सर, करंटच नाही.” करंट भरपूर असतो.

मूठ कशी धरायची

नियम एकच आहे, पण तो दोन रूपांत शिकवला जातो आणि मुले दोन्ही एकमेकांत मिसळतात. सरळ तारेसाठी अंगठा धारेच्या दिशेने धरला की बोटे क्षेत्ररेषांची दिशा दाखवतात. कॉइलसाठी बोटे धारेच्या दिशेने वळवली की अंगठा कॉइलच्या आतल्या क्षेत्राची दिशा, म्हणजेच उत्तर टोक दाखवतो. दोन्हीकडे हात उजवाच, आणि धारा धनाकडून ऋणाकडे धरलेली. इलेक्ट्रॉन उलटे जातात हे खरे, पण ही पद्धत इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी रुळली होती. ज्याला इलेक्ट्रॉनचीच दिशा धरायची असेल त्याने डावा हात वापरावा. एकाच वेळी दोन्ही करू नये.

आडव्या ठेवलेल्या कॉइलसाठी प्रश्न इतकाच असतो: आपल्या समोर दिसणाऱ्या तारांतून धारा वर जाते आहे की खाली येते आहे? मोटारसायकलची उजवी मूठ पकडताना हात पाहा. तळवा आपल्या बाजूला, बोटे वरून पलीकडे वळलेली, अंगठा डावीकडे. म्हणजे समोरच्या तारांत धारा वर जात असेल तर कॉइलचे डावे टोक उत्तर. खाली येत असेल तर उजवे. पडताळ्यासाठी तेच टोक समोरून डोळ्याजवळ धरावे: धारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरताना दिसली तर ते उत्तर टोक, काट्यांप्रमाणे फिरली तर दक्षिण.

धारा ‘अ’मधून शिरली की ‘ब’मधून, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या मेजाच्या कॉइलमध्ये ‘अ’पासून निघालेली तार समोरून वर चढत होती. दुसऱ्या मेजाची कॉइल गुंडाळणाऱ्याने पाइप उलट्या दिशेने फिरवला होता, त्यामुळे तिच्यात ‘अ’पासून निघालेली तार आधी मागून वर जाऊन समोर खाली उतरत होती. तिन्हीकडे धन टोक ‘अ’लाच होते, तरी पहिल्या आणि तिसऱ्या कॉइलचे उत्तर टोक ‘अ’ आणि दुसरीचे ‘ब’. समोरच्या दोन-तीन वेढ्यांवर स्केच पेनने बाण काढून ठेवला असता तर एवढा विचारही करावा लागला नसता. बाण काढताना मात्र टोकाची तार पाइपला कुठून लागते ते बोटाने चाचपत जावे. नजरेने अंदाज केला की निम्म्या वेळा चुकतो.

दोन थरांची कॉइल करायची असेल तर आणखी एक सापळा आहे. पहिला थर ‘ब’ टोकाला पोचला की मुले पाइप फिरवण्याची दिशाच उलटी करतात, कारण तार आता परत ‘अ’कडे यायची असते. मग दुसऱ्या थराचे क्षेत्र पहिल्याला मारते आणि सूची जवळजवळ हलतच नाही. तार कुठल्या दिशेने सरकते याला महत्त्व नाही; पाइप शेवटपर्यंत एकाच दिशेने फिरत राहिला पाहिजे. हे रिवाइंडिंगवाल्या कारागिराला हातानेच माहीत असते, त्याला नियम विचारला तर तो हसेल.

आता सूची काय सांगते ते. कॉइलच्या उत्तर टोकाबाहेर अक्षावर क्षेत्र कॉइलपासून दूर जाते. म्हणून तिथे ठेवलेल्या सूचीचे लाल टोक कॉइलकडे पाठ करते. लाल टोक कॉइलकडे वळले तर ते दक्षिण टोक. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते, कारण ‘लाल टोक उत्तर दाखवते’ हे डोक्यात बसलेले असते. ते पृथ्वीबाबत खरे आहे, आणि तेही पृथ्वीच्या उत्तरेकडे चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे म्हणून. पट्टी चुंबकाच्या किंवा कॉइलच्या उत्तर ध्रुवासमोर लाल टोक पळून जाते.

आणि पाइपच्या आत सूची सरकवली तर? आत रेषा दक्षिण टोकाकडून उत्तर टोकाकडे जातात, त्यामुळे लाल टोक उत्तर टोकाकडे बोट दाखवते. बाहेर कॉइलच्या कुशीला मात्र त्या उत्तरेकडून दक्षिणेकडे परततात. पट्टी चुंबकाच्या पोटात सूची घालता येत नाही. कॉइलच्या पोटात पाहिले की चुंबकाच्या आतही रेषा तुटत नाहीत, वळून स्वतःला येऊन मिळतात, हे पटते. आत आणि कुशीला सूची उलट दिशा दाखवते म्हणून वहीत नोंद करताना ती कुठे ठेवली होती ते लिहिलेच पाहिजे.

दुसऱ्या मेजाची तपासणी

शिक्षकांनी सुरुवात सेलपासून केली. सेल उलटे केले, सूची दुसऱ्या बाजूला वळली. यावरून सर्किट जिवंत आहे एवढेच कळले. सेल उलटे केल्यावर मुठीचे उत्तरही उलटते, म्हणजे तफावत होती तशीच राहते. जुळत नाही म्हणून सेल उलटे करून एक बाजू ‘दुरुस्त’ करणे आणि दुसरी बाजू आधीचीच धरून बसणे, हा नेहमीचा चोरटा मार्ग.

मग तार शोधली. ‘अ’पासून बोट फिरवत नेले, समोर धारा खाली येत होती, मुलींचे ‘ब’ पक्के ठरले. उरली सूची. पहिल्या मेजाची सूची आणून त्याच जागी ठेवली आणि चावी दाबली. आता सूचीनेही ‘ब’ म्हटले.

दुसऱ्या मेजाची सूची मग बाहेर व्हरांड्यात नेली, लोखंडी कपाट, खिडकीचे गज, बाकाचे पाय यांपासून दूर. तिचे लाल टोक दक्षिण दाखवत होते. उत्तर कुठे हे शाळेला माहीत असते, कारण सूर्य कुणाच्या शेताकडून उगवतो ते प्रत्येकाने पाहिलेले असते. दुपारच्या सावलीवर मात्र इथे विसंबू नये. बेळगावचा अक्षांश १६ अंशांच्या किंचित आत आहे, त्यामुळे मे महिन्याच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. बरोबर जूनमध्ये शाळा भरात येते तेव्हाच पाठ्यपुस्तकी सावली उलट सांगते. खानापूरच्या पावसात सूर्य दिसला तर, हे ओघाने आलेच.

सूची उलटी कशी झाली? सहापैकी पाच सूच्या आणि पट्टी चुंबके एकाच पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्षभर पडून होती. सुईला मोकळे फिरता येत असेल तर चुंबक जवळ आला तरी ती फिरून जुळवून घेते, बिघडत नाही. पण खोके तिरके पडले, सुई काचेला किंवा बुडाला अडकली आणि तिच्या लाल टोकाशी चुंबकाचा उत्तर ध्रुव येऊन बसला, की सुईच्या स्वस्त पोलादाचे चुंबकत्व त्या जोरदार क्षेत्रात उलटते. बाहेरून काही दिसत नाही. सुई तितकीच डौलात फिरते, तितकीच ठामपणे दिशा दाखवते, फक्त उलटी. पहिल्या मेजाची सूची शिक्षकांच्या टेबलाच्या खणातली होती, म्हणून ती वाचली.

आदल्या दिवशीचा कागद

इथे पट्टी चुंबकाच्या आकृत्या पुन्हा बाहेर काढून पाहिल्या तेव्हा खरा पुरावा सापडला. पहिल्या दिवशी पद्धत अशी होती: सूचीने उत्तर ठरवायची, कागदावर दक्षिणोत्तर रेघ मारायची, चुंबकाचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे करून तो रेघेवर ठेवायचा, त्याची कड पेन्सिलीने काढायची. मग ध्रुवाशी सूची ठेवून तिच्या दोन्ही टोकांशी ठिपके द्यायचे, सूची पुढे सरकवून तिचे मागचे टोक आधीच्या पुढच्या ठिपक्यावर आणायचे, पुन्हा ठिपका. असे करत दुसऱ्या ध्रुवापर्यंत जायचे आणि ठिपके जोडून लाल टोकाच्या दिशेने बाण काढायचा.

दुसऱ्या मेजाच्या मुलींनी जसे दिसले तसे काढले होते. त्यांच्या कागदावर बाण दक्षिण ध्रुवातून निघून उत्तर ध्रुवात शिरत होते. त्यावर लाल शाईने काट मारलेली होती.

त्याच कागदावर आणखी एक खूण होती, आणि ती बाणांपेक्षा बोलकी. चुंबकाचे क्षेत्र आणि पृथ्वीचे क्षेत्र जिथे एकमेकांना नेमके मारतात तिथे सूची भांबावते, कुठेही थांबते. यांना शून्यबिंदू म्हणतात. चुंबकाचा उत्तर ध्रुव खऱ्या उत्तरेकडे असेल तर हे दोन बिंदू चुंबकाच्या कुशीला, पूर्व आणि पश्चिमेला मिळतात, कारण तिथे चुंबकाच्या रेषा दक्षिणेकडे परतत असतात. उत्तर ध्रुव दक्षिणेकडे असेल तर ते अक्षावर, दोन्ही टोकांच्या पुढे मिळतात. पहिल्या मेजाच्या कागदावर ते कुशीला होते. दुसऱ्या मेजाच्या कागदावर वर ‘उत्तर ध्रुव उत्तरेकडे’ असे लिहून शून्यबिंदू मात्र अक्षावर दाखवले होते.

म्हणजे उलट्या सूचीने त्यांना उत्तर दिशाच चुकीची दाखवली होती. त्यांनी चुंबक रेघेवर ठेवला तेव्हा त्याचा उत्तर ध्रुव प्रत्यक्षात दक्षिणेकडे होता. वर्गात मुले मेजाच्या दोन्ही बाजूंना बसतात, त्यामुळे एका मेजाचा चुंबक दुसऱ्याच्या विरुद्ध ठेवला आहे हे कुणाच्या लक्षात आले नाही. बाणांची दिशा ही नुसती खूण असते आणि ती हलगर्जीपणानेही उलटी पडू शकते. शून्यबिंदूची जागा तशी उलटत नाही. ती खरोखर मोजलेली असते. बाण उलटे आणि बिंदूही अक्षावर, हे दोन्ही एकत्र दिसले की दोष मुलांचा नसून सूचीचा, हे तिथल्या तिथे कळायला हवे.

लोहकिसाने हे कधीच कळले नसते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर कास्ट आयर्न कापताना पडणारा कोरडा चुरा किसाला उत्तम, कारण तो बारीक असतो आणि त्यात कटिंग ऑइल नसते. पोलादाची वळीव कात्रणे कामाची नाहीत. तो चुरा चुंबकावरच्या कागदावर भुरभुरून टिचकी मारली की रेषांचा आकार सुरेख उमटतो, पण उत्तर कुठे आणि दक्षिण कुठे ते किसाचा कण सांगत नाही. आणि या कॉइलच्या एका ॲम्पियरला तर कीस नीट रांगेतही येत नाही.

मग तिसरे मेज

दुसरी सूची उलटी निघाल्यावर खोक्यातल्या सगळ्या सूच्या व्हरांड्यात तपासल्या. तिसऱ्या मेजाचीही उलटी होती. आता जुळलेले उत्तरच अडचणीचे झाले. सूची उलटी असताना मूठ आणि सूची जुळली, तर मूठही चुकलेली असणार.

शिक्षकांनी त्या गटाला पुन्हा करून दाखवायला सांगितले आणि काही न बोलता हात पाहिले. ज्या मुलाने मूठ धरली त्याच्या उजव्या हातात पेन्सिल होती. त्याने सहज डाव्या हाताने कॉइल कवेत घेतली, बोटे धारेच्या दिशेने बरोबर वळवली, आणि अंगठा निघाला ‘ब’कडे. वहीत लगेच नोंद. लिहिता लिहिता मूठ धरणाऱ्या उजवखोऱ्या मुलांची ही सर्वांत सामान्य चूक आहे, आणि लेखी उत्तरात ती पकडताच येत नाही. मूठ धरण्यापूर्वी पेन्सिल खाली ठेवायची, एवढाच उपाय.

त्या गटाचा आदल्या दिवशीचा कागद पाहिला तर बाण अगदी पुस्तकातल्यासारखे, उत्तर ध्रुवातून बाहेर. उलट्या सूचीने ते दिसणे शक्यच नव्हते. पुस्तकातली आकृती समोर ठेवून काढले होते, शून्यबिंदूंचा पत्ता नव्हता. त्या कागदावर बरोबरची खूण होती.

सूच्या सरळ करणे

उलटी सुई टाकून द्यायची गरज नाही. सूची तिरकी धरून सुई काचेला टेकवून अडकवायची, म्हणजे ती फिरणार नाही. मग जोरदार पट्टी चुंबकाचा दक्षिण ध्रुव काचेवरून सुईच्या मध्यापासून लाल टोकाकडे ओढत नेऊन टोकापलीकडे उचलायचा, आणि हवेतून परत मध्यावर आणायचा. घासणे जिथे संपते तिथे घासणाऱ्या ध्रुवाच्या विरुद्ध ध्रुव तयार होतो, म्हणून लाल टोकाशी दक्षिण ध्रुवाने संपवले की तिथे उत्तर ध्रुव बसतो. चार-पाच वेळा पुरे. मात्र ज्या चुंबकाने हे करायचे त्याच्यावरचा ‘N’ खरा आहे का ते आधी पाहावे: दोऱ्याने मधोमध आडवा टांगून, लोखंडापासून दूर, थांबल्यावर कुठले टोक उत्तरेकडे येते ते बघावे. शिक्का किंवा रंग उलटा मारलेले चुंबकही बाजारात येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही सूच्या पुन्हा व्हरांड्यात तपासल्या. एक नेमकी उत्तर दिशा दाखवत होती. दुसरी उत्तरेजवळ येऊन रेंगाळत होती, सावकाश. तिचे चुंबकत्व पुरेसे बसले नव्हते, म्हणून तिला आणखी पाच ओढ दिल्या. पट्टी चुंबके दोन-दोनच्या जोडीने, विरुद्ध ध्रुव शेजारी येतील अशी, मध्ये लाकडाची चीप आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाच्या पट्ट्या लावून एका खोक्यात ठेवली. सूच्या कपाटाच्या दुसऱ्या फळीवर गेल्या.

तिसऱ्या मेजाने पेन्सिल खाली ठेवून कॉइल पुन्हा धरली: मुठीने ‘अ’, सूचीने ‘अ’. दुसऱ्या मेजाच्या कागदावरची लाल काट शिक्षकांनी खोडली आणि शेजारी शून्यबिंदूंभोवती एक वर्तुळ काढले.